शर्ट चांगला, जीन्स चांगली, मग जोडी का बसत नाही?

माझ्या भाच्याची तक्रार दर दोन-तीन महिन्यांनी येते आणि शब्दसुद्धा बदलत नाहीत. "मामा, बाहेर जायला माझ्याकडे कपडेच नाहीत." कपाट उघडलं की तीन जीन्स आणि सहा शर्ट व्यवस्थित टांगलेले. एक लाइट वॉश, एक मिड, एक डार्क. शर्टांत पांढरा, आकाशी, राखाडी, काळा, शेवाळी आणि विटकरी. एकही कपडा वाईट नाही. पण रविवारी मित्रांबरोबर मिसळ खायला गेला आणि संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले, की याचा चेहरा पडतो. राखाडी शर्ट आणि मिड वॉश जीन्स घातलेला तो फोटो मी पाहिला. खांद्यापासून घोट्यापर्यंत एकच धुरकट पट्टा दिसत होता. कपडे नवीन, पण माणूस दमल्यासारखा.

मी काही वर्षं कापडाच्या दुकानात काउंटरवर उभा राहिलो आहे. तिथे हीच तक्रार घेऊन गिऱ्हाईक यायचं आणि त्यावर उपाय म्हणून आणखी एक शर्ट घेऊन जायचं. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. नवीन शर्टाने हे सुटत नाही, कारण बिघाड बहुतेक वेळा शर्टाच्या रंगात नसतोच. तो असतो शर्टाच्या आणि जीन्सच्या उजळपणातल्या अंतरात.

आधी ही एक तपासणी करा

जीन्स आणि शर्ट पलंगावर ठेवा. अंगावर जसे येतात तसे, म्हणजे शर्टाची खालची कड जीन्सच्या मांडीवर येईल अशा बेताने. खिडकीचा उजेड हवा, ट्यूबलाइट नको. मोबाइलने दोन्हींचा मिळून एकच फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. आता शर्ट कुठे संपतो आणि जीन्स कुठे सुरू होते ते चटकन कळतंय का बघा. कड शोधावी लागत असेल तर अंगावरही ती जोडी विरघळणार.

दोघांचे वेगवेगळे फोटो काढून शेजारी ठेवू नका. मोबाइल प्रत्येक फोटोचा उजेड आपल्या मनाने कमी-जास्त करतो, त्यामुळे काळा शर्टही राखाडी दिसू शकतो. मोबाइल हाताशी नसेल तर चार पावलं मागे जाऊन डोळे अगदी बारीक करून बघा. साडीच्या दुकानात जुन्या बायका ब्लाउजपीस लावताना हेच करतात. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

मी स्वतःपुरती एक मोजपट्टी धरतो. काळाकुट्ट म्हणजे 1, पांढराशुभ्र म्हणजे 10. नवा डार्क वॉश 2 च्या आसपास येतो, मिड 5 ला, लाइट 8 ला. शर्ट आणि जीन्समध्ये तीन पायऱ्यांचं अंतर असलं की जोडी सहसा उभी राहते. दोन असलं तर धाकधूक. एक किंवा शून्य असलं तर राखाडी-मिड वॉशची गत होते, कारण राखाडीही 5 आणि मिडही 5. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही, काउंटरवरचा आहे. पण भाच्याच्या कपाटात तो नेमका लागू पडला.

यातून एक गोष्ट आपोआप कळते. लोक मिड वॉशला सगळ्यांत सुरक्षित समजतात, "कशावरही चालते" म्हणून घेतात, आणि सगळ्यांत जास्त जोड्या तिच्यावरच फसतात. डार्कला वरच्या बाजूला भरपूर जागा आहे, लाइटला खालच्या बाजूला. मिड मधोमध बसली आहे आणि आपण रोज घालतो ते बहुतेक शर्टही मधलेच असतात: राखाडी, शेवाळी, गडद आकाशी, मातकट. शर्ट आणि जीन्स दोघेही मध्यावर येऊन एकमेकांना पुसून टाकतात.

जीन्स कुठे बघायची

इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात. जीन्सचा वॉश ठरवताना ते घडी घातलेल्या कपड्याकडे बघतात, किंवा खालच्या मोहरीकडे, किंवा लेबलवरच्या नावाकडे. पण शर्ट बाहेर सोडला की त्याची कड पडते मांडीच्या वरच्या भागावर, आणि जीन्स सगळ्यांत जास्त विटलेली असते ती तिथेच. कंपनीनेच तिथे घासून उजळ केलेलं असतं. त्यात आपण बसतो-उठतो, गाडी चालवतो, हात पुसतो. भाच्याची "डार्क" जीन्स मोहरीपाशी अजून 2 आहे. मांडीवर मी शर्ट धरून बघितलं तर ती 4 झालेली.

हे असं का होतं ते कापड उलटून बघितलं की कळतं. डेनिममध्ये साधारणपणे उभा धागा निळीत रंगवलेला असतो आणि आडवा धागा पांढराच ठेवतात. म्हणून बाहेरून निळी आणि आतून पांढुरकी. (मुंबईच्या डोंगरीत मिळणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरून इंग्रजांनी "डंगरी" हा शब्द उचलला, तो जगभर गेला आणि लहान मुलांच्या कपड्यांवर बसून परत आपल्याकडे आला.) शिवाय त्या उभ्या धाग्यातही रंग गाभ्यापर्यंत जात नाही. इंडिगो वरवर बसतो, धाग्याचा मध्य पांढरा राहतो. घासलं की वरची निळाई निघते आणि आतला पांढरा डोकावतो. घासून घासून मांडी उजळते, शिवणी आणि कंबर गडद राहते.

आणि ही तक्रार पुन्हा पुन्हा का येते, त्याचं उत्तरही यातच आहे. जीन्स एका जागी थांबत नाही. डार्क म्हणून घेतलेली वर्ष-दोन वर्षांत मांडीपाशी मिडच्या जवळ येते. तिकडे काळा सुती शर्ट धुण्यात विटून 3 वर येतो. दोघेही वर सरकतात, पण जीन्स जास्त सरकते. मागच्या दिवाळीला झकास दिसलेली राखाडी शर्ट आणि डार्क जीन्सची जोडी यंदा फोटोत मरगळलेली दिसते, आणि आपल्याला वाटतं की आपणच जाड झालो. म्हणून तपासणी एकदाच करून भागत नाही. मी दर सहा महिन्यांनी, साधारण पावसाळ्याआधी आणि दिवाळीआधी, कपाट आवरताना करतो.

अंतर कमी असूनही जोडी बसते, तेव्हा

विटकरी शर्ट काळ्या-पांढऱ्या फोटोत 4 निघाला. मिड जीन्स 5. नियमाप्रमाणे बाद. पण अंगावर घातला तर सुरेख! कारण निळ्याच्या समोर नारिंगी कुळातला रंग आला की उजळपणाचं अंतर नसलं तरी डोळा दोघांना वेगळं करतो. विटकरी, गंजासारखा तांबूस, मोहरीचा गडद पिवळा, गाजरी हे सगळे त्याच कुळातले. राखाडीला स्वतःचा रंगच नाही, आकाशी निळ्याचा सख्खा भाऊ, शेवाळी चुलत भाऊ. म्हणून हे तिघे मिडवर आपटतात आणि विटकरी तरतो.

तेव्हा फोटो दोनदा बघायचा. आधी रंगाशिवाय: अंतर आहे का? असेल तर विषय संपला, रंग जवळपास कुठलाही चालतो. नसेल तर रंगासकट: शर्ट निळ्यापासून लांबच्या कुळातला आहे का? दोन्हींना उत्तर नाही असं आलं तर ती जोडी सोडून द्या, कितीही महागाची असो.

चौकड्यांच्या शर्टाला हा हिशेब लावताना चौकडीची रेघ बघू नका, मागचा मूळ रंग बघा. पांढऱ्या जमिनीवर बारीक निळी चौकडी असेल तर ती मिड आणि डार्क दोन्हींवर डोळे मिटून घाला.

भाच्याच्या अठरा जोड्या

आम्ही रविवारी दुपारी बसून सगळ्या जोड्या लावल्या. तीन जीन्स, सहा शर्ट, अठरा जोड्या, अर्धा-पाऊण तास. मांडीवरचा उजळपणा धरला: लाइट 8, मिड 5 च्या थोडी वर, आणि डार्क म्हणून घेतलेली 4.

लाइटवर राखाडी, काळा, शेवाळी आणि विटकरी असे चार शर्ट सहज बसले. आकाशी साफ बुडाला, 8 वर 8 आणि वर दोन्ही निळे. पांढरा काठावर. घरात बरा दिसतो, पण भर उन्हात फोटो काढला की सगळंच पांढुरकं होतं. तपकिरी पट्टा आणि तशाच चपला घातल्या तर चालवून घेता येतो, नाहीतर नको.

मिडवर पांढरा, काळा आणि विटकरी चालले. राखाडी, आकाशी, शेवाळी बाद. आकाशीचं अंतर तीनला थोडं कमी आणि वर निळ्यावर निळा, म्हणून तोही गेला.

डार्कवर पांढरा, आकाशी, विटकरी. राखाडी, काळा आणि शेवाळी बाद, कारण ही आता डार्क राहिलेलीच नाही. काळ्याची गंमत बघा. विटलेला काळा आणि विटलेला निळा शेजारी आले की दोघेही मळलेले वाटतात, आणि कुणालाही प्रश्न पडतो की याला हे दोन्ही काळे वाटले की काय.

म्हणजे सात बाद, एक काठावर आणि दहा चांगल्या. कपडे कमी नव्हतेच. पण भाच्याचे आवडते शर्ट राखाडी आणि काळा, आणि लाइट जीन्स तो "लवकर मळते" म्हणून घालायचाच नाही. उरलेल्या दोन जीन्सवर त्या दोन शर्टांच्या चार जोड्या होतात, त्यांतल्या तीन बाद यादीतल्या. महिनोन् महिने तो याच चार जोड्या आलटून पालटून घालत होता. आता राखाडी शर्ट लाइटवर गेला आणि फोटोतला धुरकट पट्टा गेला.

"पण मला राखाडी मिडवरच आवडतो," असं तो अजूनही म्हणतो. त्याला एक पळवाट आहे: शर्ट खोचायचा. खोचला की शर्ट-जीन्सची भेट मांडीवर होत नाही, कंबरेवर होते. तिथे जीन्स कमी घासलेली, म्हणून एखादी पायरी गडद. मध्ये तपकिरी पट्टा आला की कड आणखी स्पष्ट. नाहीतर राखाडी शर्टाची बटणं उघडी ठेवून आत पांढरा टी-शर्ट. मात्र टी-शर्टची खालची कड शर्टाच्या खाली दोन बोटं तरी दिसली पाहिजे, कारण खरी फोड तिथेच पडते.

पांढरा घातला की जीन्स मळकी दिसते

पांढरा आणि मिड हे अंतराच्या हिशेबाने उत्तम, तरी भाच्याच्या अंगावर काहीतरी खुपत होतं. जीन्स नुकतीच धुतलेली, पण धुळीची वाटत होती. हा वेगळा बिघाड आहे आणि तो काळ्या-पांढऱ्या फोटोत सापडत नाही.

सगळी डेनिम सारखी निळी नसते. काही हिरवट असते, काही राखट, आणि काही मुद्दाम पिवळसर केलेली. जुनी वाटावी म्हणून धुलाईच्या शेवटी तिला हलका तपकिरी-पिवळा रंग देतात. ओळखायचं असं: मोहरी उलटी करा आणि आतल्या पांढुरक्या धाग्यांवर साधा पांढरा कागद धरा. आतला धागा कागदाच्या जवळचा दिसला तर निळा स्वच्छ आहे. चहाच्या डागासारखा पिवळट दिसला तर जीन्सला रंग चढवलेला आहे. भाच्याची मिड तशी निघाली.

आता शर्टाची बाजू. माझी ताई, म्हणजे भाच्याची आई, पांढऱ्या कपड्यांना अजून नीळ देते. निळीने पांढरा निळसर होतो आणि डोळ्यांना जास्त शुभ्र वाटतो. तो निळसर पांढरा पिवळट जीन्सशेजारी आला की सगळा पिवळेपणा उघडा पडतो. चुना मारलेल्या भिंतीपुढे जुनं वर्तमानपत्र धरावं तसा.

उपाय म्हणजे पिवळसर वॉशवर शुभ्र पांढरा नको, मोतिया किंवा बिस्किट रंग घ्या. तोच पिवळेपणा मग ऊबदार वाटतो. शर्ट बदलायचा नसेल तर नीळ बंद करा. ताईला म्हटलं, "या एका शर्टाला तेवढी नीळ नको देऊस." तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पोराला मळके कपडे घालायला सांगतोय. पण तीन धुण्यांनंतर शर्टाचा तो निळा बोचरेपणा बराच उतरला. नीळ दिलेला पांढरा स्वच्छ निळ्या डार्कवर मात्र फार खुलतो, तेव्हा ताईचंही पूर्ण चुकीचं नाही.

राखट वॉशवर मोतिया मरतो. तिथे शुभ्र पांढरा, काळा किंवा डाळिंबी हवा. आणि हे सगळं दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली ठरवू नका. तिथे पिवळट आणि राखट यांतला फरक दिसतच नाही. जीन्स हातात घ्या आणि दाराशी जाऊन बघा. दुकानदार काही म्हणत नाही, आम्ही कुणालाच अडवत नव्हतो.

आकाशी आणि डार्क: शाळेचा गणवेश

अंतर सहा पायऱ्यांचं, निळा स्वच्छ, तरी माणूस नववीत गेल्यासारखा दिसतो. आपल्याकडे कितीतरी शाळांचा गणवेश फिकट निळा शर्ट आणि गडद निळी पँट असाच असतो, त्यामुळे डोळ्याला ती सवय आहे. इथे रंग बदलायची गरज नाही, गुळगुळीतपणा मोडा. इस्त्रीचा टेरीकॉट आकाशी शर्ट गणवेश वाटतो, तोच आकाशी लिननमध्ये, बाह्या कोपरापर्यंत दुमडून घातला की वाटत नाही. शाळेत सगळं खोचलेलं आणि काळे बूट असायचे, तर इथे शर्ट बाहेर आणि पायात तपकिरी चपला. मोहरीची एक घडी वर दुमडली की आतला पांढुरका धागा दिसतो, तेवढ्यानेही पँट पुन्हा जीन्स होते.

निळ्यावर निळा म्हणजे डेनिमचाच शर्ट घालायचा असेल तर तीनऐवजी चार पायऱ्या धरा. थोडक्यात हुकलेला निळा सगळ्यांत वाईट. सूट शिवायला टाकला आणि कापड कमी पडलं असं वाटतं.

नव्या डार्कवर पांढरा घालण्याआधी

भाच्याने शेवटी एक खरी डार्क जीन्स घेतली, मांडीवरही 2 असलेली. त्यावर मोतिया शर्ट घालायचा त्याचा बेत होता. मी आधी रुमाल मागितला. पांढरा सुती रुमाल ओला करून पिळायचा आणि जीन्सच्या मांडीवर दहा वेळा जोर देऊन घासायचा. रुमाल निळा झाला तर शर्टाची खालची कडही निळी होणार. घामात आणि पावसात जास्त, स्कूटरवर मागे बसलात तर नक्कीच. पांढऱ्या पिशवीचं आणि फिकट सोफ्याचंही तेच होतं.

मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून हा रंग पक्का होतो असं सगळीकडे सांगतात. होत नाही. इंडिगो धाग्यावर नुसता चिकटून असतो, मिठाने तो आत शिरत नाही. सुटा रंग धुऊन काढणे हा एकच इलाज. जीन्स उलटी करून, थंड पाण्यात, एकटी, दोन-तीन वेळा धुवायची आणि सावलीत वाळवायची. प्रत्येक धुण्यानंतर रुमाल पुन्हा घासून बघा. तोवर तिच्यावर विटकरी, डाळिंबी, बॉटल ग्रीन असले शर्ट घाला. 2 पासून त्यांचं अंतर दोनच पायऱ्या असतं, पण विटकरी आणि डाळिंबी रंगाच्या जोरावर निभावतात. बॉटल ग्रीन मात्र खिडकीशी एकदा बघूनच घाला.

शर्टाला निळी कड लागलीच तर इस्त्री फिरवू नका, आधी साबणाच्या पाण्यात भिजत घाला. भाच्याचा रुमाल पहिल्या वेळी आकाशी झाला, तिसऱ्या धुण्यानंतर जेमतेम निळसर. चौथ्या रविवारी त्याने मोतिया शर्ट घातला, आणि तो रुमाल मात्र ताईने अजून नीळ देऊन पांढरा करायचा प्रयत्न चालवला आहे.